पहिले दहा सेकंद: पॉडकास्ट आणि व्हिडिओच्या सुरुवातीच्या नमस्काराबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात घरबसल्या पॉडकास्ट किंवा व्हिडिओ करणाऱ्या बऱ्याच जणांची रेकॉर्डिंग माझ्याकडे संपादनाला येतात. त्यासोबत जे प्रश्न येतात, त्यांतले निम्मे तरी सुरुवातीच्या नमस्काराचेच असतात. तेच प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एका उत्तरातला मुद्दा दुसरीकडे लागला, तर तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. नमस्कार किती सेकंदांचा असावा?

नमस्कार, नाव आणि आजचा विषय मिळून आठ ते बारा सेकंद पुरतात. आपण निवांत बोलतो तेव्हा सेकंदाला साधारण दोन-अडीच शब्द होतात. म्हणजे दहा सेकंदांत वीस ते पंचवीस शब्द बसतात. मोबाइलचं स्टॉपवॉच लावून स्वतःच्या बोलण्याचा वेग एकदा मोजा, कारण घाटावरच्या माणसापेक्षा आपल्याकडची माणसं बरीच भरभर बोलतात असं मला कामात दिसतं. मग नमस्कार कागदावर लिहून शब्द मोजा. चाळीसच्या वर गेले तर एखादं वाक्य नक्कीच जास्तीचं आहे. आकडा थोडा इकडेतिकडे झाला तरी चालेल, पण नमस्कार न लिहिता, न मोजता केला तर तो हमखास अर्ध्या मिनिटावर जातो.

२. त्या दहा सेकंदांत काय काय यायलाच हवं?

आपल्याकडे कोणाच्या घरी गेलं की गडग्याबाहेरूनच हाक मारायची पद्धत आहे. "काकू, आहात का? मी खालच्या वाडीतली, जोशींची सून. तांदूळ दळायला द्यायचेत, गिरणी चालू आहे का विचारायला आले." आतली काकू पडवीत किंवा माजघरात असते, तिला आपण दिसत नाही. म्हणून हाक मारणारा आपसूक तीन गोष्टी सांगतो: कोणाला बोलावतोय, आपण कोण, आणि काम काय. पॉडकास्ट ऐकणाऱ्यालाही आपण दिसत नाही. त्यालाही याच तीन गोष्टी लागतात, आणि बहुतेक वेळा याच क्रमाने.

चौथी गोष्ट ठिकाण. ती दरवेळी लागत नाही. पण तुमचा विषयच एखाद्या बंदराचा, बागेचा किंवा जत्रेचा असेल, तर "देवगडहून" किंवा "गुहागरहून" हा एक शब्द पाच वाक्यांचं काम करतो. मुंबईत लोकलमध्ये उभ्याने ऐकणारा चाकरमानी त्या एका शब्दावर थांबतो, हे मला अनेकांनी स्वतः सांगितलंय.

यापलीकडचं सगळं नंतर. सबस्क्राइब करा, शेअर करा, मागच्या भागाला मिळालेला प्रतिसाद, उशीर झाल्याबद्दलची माफी, यांतलं काहीही पहिल्या दहा सेकंदांत नको. सबस्क्राइबची विनंती करायचीच असेल तर ऐकणाऱ्याच्या हातात काहीतरी पडल्यावर करा, म्हणजे पहिली उपयोगाची माहिती देऊन झाल्यावर.

३. "नमस्कार मित्रांनो, कसे आहात सगळे? मजेत ना?" सगळेच असं म्हणतात. यात चूक काय?

व्याकरणाची चूक नाही. अडचण अशी की तुम्ही विचारता आणि उत्तराला जागाच नाही. समोर माणूस असता तर तो "मजेत" म्हणाला असता. इथे तुम्ही स्वतःच "मजेतच असणार!" म्हणून पुढे जाता, आणि ऐकणाऱ्याच्या लक्षात येतं की हे मला उद्देशून नव्हतंच. त्याच्या घरी त्या दिवशी कोणी आजारी असेल, तर ते वाक्य टोचतंही.

दुसरं, "सगळे" हा शब्द. ऐकणारा बहुधा एकटा असतो: कानात इअरफोन घालून भाजी चिरत असतो, गाडी चालवत असतो, नाहीतर काजूच्या बिया सोलत असतो. "तुम्हा सर्वांचं स्वागत" म्हटलं की आपण व्यासपीठावर चढतो आणि तो गर्दीत जाऊन बसतो. नुसतं "तुमचं" म्हटलं की तो समोर राहतो. "तुम्ही" आदरार्थीही आहे आणि अनेकवचनीही, त्यामुळे एका ऐकणाऱ्याला आणि शंभरांना एकाच शब्दाने बोलवता येतं. मराठीची ही सोय वापरा. "आपलं सहर्ष स्वागत" हे सत्कार समारंभात शोभतं, कानाजवळ बोलताना ते लांबचं वाटतं.

संबोधन हवंच असेल तर "मंडळी" चांगलं, त्यात बायका-पुरुष, लहान-मोठे सगळे येतात. "मित्रांनो"मध्ये ऐकणाऱ्या मुली येतात की नाही हा प्रश्न मला मुलींनीच विचारलाय. संबोधन किती घर करून राहतं याचं मोठं उदाहरण म्हणजे रेडिओचे निवेदक अमीन सयानी. १९५२ मध्ये रेडिओ सिलोनवर त्यांची बिनाका गीतमाला सुरू झाली. त्यांचं "बहनों और भाइयों" त्या पिढीच्या आजही कानात आहे. सभेत रूढ असलेला भाइयों-बहनों हा क्रम त्यांनी फिरवला होता. बदल दोन शब्दांच्या जागेचा, पण घरात रेडिओपाशी बसलेल्या बाईला तो आपल्यासाठी आहे हे कळत होतं.

पडद्यावर लिहिणार असाल तर "मित्रांनो" असंच लिहा, "नो"वर अनुस्वार देऊ नका. आणि "मी आहे तुमचा होस्ट अमुक" ही रचना हिंदीतून आली आहे. मराठीत "मी अमुक" एवढं पुरतं.

४. एखादी खरी सुरुवात घेऊन, ती कशी दुरुस्त केली ते दाखवाल का?

दाखवते. दापोली तालुक्यातल्या एका दादांनी हर्णै बंदरावरच्या मासळीच्या लिलावाचा व्हिडिओ केला होता. त्यांच्या परवानगीने, नाव न घेता, त्यांची मूळ सुरुवात देते. आधी सात सेकंद फिरणारं बोधचिन्ह आणि संगीत. मग हे:

"नमस्कार, नमस्कार, नमस्कार मंडळी! तुम्हा सर्वांचं आपल्या चॅनेलवर पुन्हा एकदा मनापासून स्वागत आहे. कसे आहात सगळे? मजेत ना? मजेतच असायला पाहिजे! तर मित्रांनो, आज मी तुमच्यासाठी घेऊन आलोय एक खूपच वेगळा आणि भन्नाट विषय, त्यामुळे व्हिडिओ शेवटपर्यंत नक्की बघा. चॅनेलवर नवीन असाल तर सबस्क्राइब करा, बेल आयकॉन दाबायला विसरू नका. तर चला, जास्त वेळ न घालवता सुरुवात करूया."

शब्द अठ्ठावन्न, वेळ सव्वीस सेकंद. संगीत धरून तेहेतीस. या अठ्ठावन्न शब्दांत हर्णै नाही, मासळी नाही, दादांचं नावही नाही. हीच सुरुवात उचलून केसांच्या तेलाच्या व्हिडिओला लावली असती तरी चालली असती. तुमचा नमस्कार तपासायची हीच सगळ्यात सोपी चाचणी आहे: तो दुसऱ्या कोणाच्या भागाला जसाच्या तसा लागू होत असेल, तर त्यात तुमचं काही नाही.

पहिल्या फेरीत आम्ही फारच कापलं. "हर्णै बंदर. संध्याकाळचा लिलाव. कसा चालतो, पाहूया." तीन-चार सेकंदांत झालं, पण ते बातमीसारखं वाटायला लागलं. दादा स्वभावाने अघळपघळ आहेत, घरी गेलं की आधी पाणी विचारतात, मग नाव. ते त्यात कुठेच नव्हते. म्हणून "नमस्कार" परत आणला, एकदाच. बोधचिन्ह काढलं, आणि त्या जागी लिलाव पुकारणाऱ्याच्या आवाजाचे दोन सेकंद ठेवले. शेवटी हे उरलं:

"नमस्कार. हर्णै बंदरावरून मी (नाव). संध्याकाळी होड्या आल्या की इथे वाळूवरच मासळीचा लिलाव होतो. घरच्यापुरती दोन किलो मासळी घ्यायला आलेल्या माणसाने या लिलावात कुठे उभं राहायचं, ते आज बघू."

एकोणतीस शब्द, बारा सेकंद. आधीच्या आवाजासकट चौदा. "वेगळा आणि भन्नाट विषय" असं सांगण्याऐवजी विषयच सांगितला. "शेवटपर्यंत नक्की बघा" अशी विनंती करण्याऐवजी असा प्रश्न ठेवला, ज्याचं उत्तर बघणाऱ्याला खरंच हवं आहे, कारण पर्यटक तिथे जातात आणि घाऊक बोली लागताना बाजूला गोंधळून उभे राहतात.

अजून एक अडचण उरली होती. दादा कागदावरून वाचत होते, आणि वाचताना "मासळीचा लिलाव होतो" हे शब्द सपाट व्हायचे. मग कागद घडी करून खिशात ठेवला, कॅमेऱ्यामागे त्यांच्या भाच्याला उभं केलं आणि "याला सांगा" म्हटलं. तिसऱ्या वेळी "वाळूवरच" मधल्या "च"वर त्यांचा जोर आपोआप आला. तोच टेक ठेवला.

५. मी रत्नागिरीचा आहे. नमस्कार मालवणीत केला तर जास्त कोकणी वाटेल का?

मालवणी ही सिंधुदुर्गाची बोली. रत्नागिरीकडे संगमेश्वरी आहे, उत्तरेला बाणकोटी, रायगडच्या किनाऱ्यावर आगरी आणि कोळी बोली, शिवाय चित्पावनी आणि कोकणी मुसलमानांची बोली आहेच. नाटकांमुळे बाहेरच्यांना कोकण म्हणजे मालवणी एवढंच माहीत असतं, म्हणून हा मोह होतो. पण मालवणचा माणूस पहिल्या वाक्यातच ओळखतो की ही बोली तुमची नाही, आणि मग पुढचा अख्खा भाग तो तुमच्या चुका मोजत ऐकतो.

घरात जे बोलता त्यात नमस्कार करा. घरी मालवणी बोलत असाल तर बिनधास्त "काय मंडळी, बरे असात मा?" म्हणा. प्रश्न ३ मधली अडचण इथे थोडी सौम्य होते, कारण बोलीतला तो प्रश्न उत्तरासाठी नसतो, ओळख दाखवण्यासाठी असतो. पण बोलीतलं एक वाक्य बोलून पुढे अख्खा भाग पुस्तकी प्रमाण मराठीत केला, तर ते वाक्य वेषभूषेसारखं वाटतं. बोली घेतली तर ती अधूनमधून पुढेही दिसू द्या. आणि विषय सांगणारं वाक्य मात्र विदर्भातल्या ऐकणाऱ्यालाही कळेल असं ठेवा.

६. "येवा, कोकण आपलोच आसा" किंवा गाऱ्हाण्याने सुरुवात केली तर?

"येवा, कोकण आपलोच आसा" हे मनापासूनचं आमंत्रण आहे आणि मला ते आवडतं. पण ते इतक्या चॅनेलांवर, होमस्टेच्या पाट्यांवर आणि गाड्यांच्या मागे आहे की ते ऐकून हे कोणाचं चॅनेल, ते कळत नाही. शेवटी निरोपाला ठेवा, तिथे छान बसतं.

गाऱ्हाण्याचं वेगळं आहे. "बा देवा म्हाराजा" म्हणून गावकार गाऱ्हाणं घालतो आणि प्रत्येक मागणीवर जमलेले सगळे "व्हय म्हाराजा" म्हणतात. त्याची ताकद त्या प्रतिसादात आहे. एकट्याने माइकसमोर घातलेलं गाऱ्हाणं अर्धंच राहतं, आणि ते दहा सेकंदांत बसतही नाही. शिवाय ते देवासमोर घातलं जातं, त्यामुळे "आमच्या चॅनेलाक लाख सबस्क्रायबर मिळू दे म्हाराजा" हे गावातल्या म्हाताऱ्या माणसांना दुखावतं. मला तसं दोनदा थेट ऐकवलं गेलंय आणि ते मला पटलं. दशावतारात आधी गणपती, मग संकासुर आणि मग कितीतरी वेळाने मुख्य आख्यान. तिथे माणसं रात्र काढायच्या तयारीने, चादर घेऊन आलेली असतात. मोबाइलवरचा माणूस तसा आलेला नसतो.

७. नमस्कार, रामराम, सलाम, जय भीम: काय म्हणावं?

जे तुम्ही रस्त्यात भेटल्यावर म्हणता ते. विशिष्ट समाजासाठी किंवा विषयासाठी भाग नसेल तर "नमस्कार" सर्वांना चालतो. सगळ्यांना खूश करायला चारही एका दमात म्हणू नका, ती यादी होते. पाहुणा "सलाम" किंवा "जय भीम" म्हणाला तर त्याच शब्दात उत्तर द्या आणि ते कापू नका.

८. रेकॉर्ड करताना नीट म्हणतो, पण ऐकताना "मस्कार" ऐकू येतं. "न" कुठे जातो?

हा प्रश्न पावसाळ्यात जास्त येतो, आणि त्याचं कारणही पाऊसच आहे. पत्र्यावर किंवा कौलांवर पाऊस वाजतो म्हणून लोक अ‍ॅपमधला आवाज गाळण्याचा पर्याय पूर्ण वाढवून ठेवतात. तो ठराविक पातळीखालचा आवाज बंद करतो आणि बोलणं आलं की उघडतो. "न" नाकातून हळू सुरू होणारा वर्ण आहे. तो पातळी ओलांडेपर्यंत दार बंदच असतं, आणि उघडतं तेव्हा "मस्कार" आलेलं असतं. "काय मंडळी"तला "का" जोरात फुटतो, म्हणून तिथे हा त्रास कमी जाणवतो.

उपाय: गाळणी अर्ध्यावर आणा. बोलायच्या आधी दोन-तीन सेकंद गप्प राहून रेकॉर्डिंग चालू ठेवा. पाऊस फारच असेल तर गादीच्या कपाटाचं दार उघडून त्याच्याकडे तोंड करून बोला. माइक तोंडापासून एका वितीवर आणि किंचित बाजूला धरा, म्हणजे पाऊस कमी आणि तुम्ही जास्त याल, शिवाय "प", "फ", "भ" म्हणताना फुंकर थेट माइकवर बसणार नाही.

दुसरं कारण ऐकणाऱ्याकडे असतं. ब्लूटूथचे बरेच इअरफोन आणि स्पीकर आवाज नसताना झोपतात, आणि पुन्हा जागं व्हायला क्षणभर घेतात. तेवढ्यात तुमचा पहिला वर्ण गेलेला असतो. म्हणून संपादन करताना पहिल्या शब्दाच्या अगदी कडेला कात्री लावू नका. पुढे अर्धा सेकंद खोलीचा आवाज राहू द्या. नेमकं कारण कोणतं ते ओळखायला वायरचे हेडफोन लावून मूळ फाइल ऐका. तिथे "न" असेल तर गेलाय तो ब्लूटूथमध्ये. तिथेही नसेल तर गाळणीत किंवा तुमच्या कात्रीत.

९. पाठीमागे समुद्र हवा. नमस्कार किनाऱ्यावरच रेकॉर्ड करू का?

व्हिडिओ असेल तर करा. नुसत्या ऑडिओसाठी मी नको म्हणते. लाटांचा आवाज माइकमध्ये एकसारखी सरसर म्हणून येतो, आणि आपले "स", "श" हेही सरसरीचेच वर्ण. दोन्ही एकमेकांत मिसळतात. नंतर समुद्र गाळायला गेलात तर "स" आणि "श" बोथट होतात, "स्वागत"मधला "स" गळून "वागत" उरतं. वारा तर त्याहून वाईट, तो माइकवर आपटून घुमतो आणि ते नंतर सुटत नाही. किनाऱ्यावर बोलायचंच तर माइकवर केसाळ टोपी हवी आणि पाठ वाऱ्याकडे.

मी दोन्ही वेगळं घेते. किनाऱ्यावर कोणी न बोलता मिनिटभर समुद्र रेकॉर्ड करायचा, भरतीच्या वेळी, कारण तेव्हा लाट जवळ फुटते आणि एकेक लाट वेगळी ओळखू येते. नमस्कार घरात. मग जोडताना लाट एकटी दीड-दोन सेकंद, ती ओसरत असताना आवाज खूप खाली, आणि त्या ओसरण्यावर "नमस्कार". लाट फुटतानाच बोलणं सुरू केलं तर ते झगडतं. विषय सांगून झाला की समुद्र पूर्ण बंद करा. मागे तो अर्धा तास चालू राहिला तर ऐकणाऱ्याला थकवा येतो.

संगीत वापरत असाल तर हाच नियम: दोन-तीन सेकंद, आणि आवाजाखाली उतरतं. सिनेमातलं गाणं घेऊ नका, हक्कांचा दावा येतो. आणि संगीत मोठं, नमस्कार बारीक असं झालं की ऐकणारा आवाज कमी करतो, मग तुम्ही ऐकूच येत नाही. पूर्ण भाग जोडून झाल्यावर त्याच्या आवाजाची एकूण पातळी पॉडकास्टसाठी `-16 LUFS`च्या आसपास आणा. Audacity मध्ये हे `Loudness Normalization` मध्ये होतं, पण तिथे आधीपासून वेगळा आकडा भरलेला असतो, तो बदलावा लागतो.

१०. नमस्कार आधी रेकॉर्ड करावा की सगळं झाल्यावर?

झाल्यावर. सुरुवातीला श्वास वर असतो, आवाज नेहमीपेक्षा चढा असतो, आणि भागात नेमकं काय निघणार हेही माहीत नसतं. गप्पा संपल्यावर कळतं की आंब्याच्या फवारणीवर बोलायला बसलो होतो, पण खरी मजा कलमं बांधणाऱ्या आजोबांच्या आठवणीत आली. मग नमस्कारात तेच सांगता येतं. फक्त त्याच जागी, त्याच अंतरावर, लगेच रेकॉर्ड करा. दुसऱ्या दिवशी केलात तर आवाजाचा पोत बदलतो आणि सांधा कळतो. घसा थकला असेल तर कोमट पाणी पिऊन, उभं राहून पाच वेळा म्हणा. पहिला आणि शेवटचा टेक बहुधा टाकायचाच असतो.

११. एकदाच छान रेकॉर्ड करून तोच नमस्कार दरवेळी जोडला तर चालेल?

"नमस्कार, मी अमुक" एवढा भाग शब्दशः तोच ठेवा, ऐकणाऱ्याला तो दाराच्या कडीसारखा ओळखीचा होतो. पण दरवेळी नव्याने म्हणा. आधीचा उत्साही तुकडा आणि आजचा शांत आवाज यांच्यामधला खटका लगेच ऐकू येतो.

काळाशी बांधलेले शब्द जपून वापरा. "शुभ सकाळ" म्हणालात आणि तो रात्री भांडी घासताना ऐकत असेल तर तो बाहेर पडतो. "सध्या मासेमारी बंद आहे" हे १ जून ते ३१ जुलैच्या बंदीत बरोबर, पण भाग नारळी पौर्णिमेनंतरही ऐकला जाणार. "जून-जुलैच्या बंदीत होड्या ओढून ठेवतात, तेव्हाची ही गोष्ट" असं म्हटलं की ते कधीही खरं राहतं. थेट प्रक्षेपण असेल तर उलट, तिथे आजचा वार, आजचा पाऊस सगळं सांगा.

१२. पाहुणा असेल तेव्हा त्याची ओळख नमस्कारातच करायची का?

एका ओळीत, आणि तीही विषयाला चिकटलेली. "पंचवीस वर्षं रापण ओढणारे काका आज सोबत आहेत" पुरतं. त्यांची पदं, पुरस्कार, शिक्षण हे गप्पांत येईल. नमस्कारानंतर शक्य तितक्या लवकर त्यांचा आवाज ऐकू आला पाहिजे, नाहीतर माणूस समोर बसलाय आणि आपण त्याच्याबद्दलच बोलतोय असं होतं. एरवी ज्यांना काका किंवा आते म्हणता, त्यांना माइक लागल्यावर "श्री." आणि "सौ." करू नका. तेही मग ताठ बसतात आणि "आपण विचारल्याप्रमाणे" असं बोलू लागतात.

१३. बागायतदाराने आंब्याची पेटी फुकट पाठवली आणि त्यावर भाग केला. नमस्कारात सांगावं लागतं का?

हो. भारतीय जाहिरात मानक परिषदेच्या, म्हणजे एएससीआयच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार पैसे नसले तरी फुकट वस्तू हाही मोबदलाच धरला जातो. ऑडिओत ही बाब सुरुवातीला आणि शेवटी स्पष्ट बोलून सांगायची असते. फक्त खालच्या वर्णनात लिहून भागत नाही. "ही पेटी मला बागेतून भेट आली आहे, हा भाग जाहिरात समजा" असं एक साधं वाक्य विषयानंतर लगेच म्हणा. चार-पाच सेकंद लागतात, आणि प्रश्न १ मधली मर्यादा तेवढी वाढली तरी हरकत नाही.

१४. लोक नमस्कारामुळे जातात की दुसऱ्या कशामुळे, हे कसं कळणार?

यूट्यूब स्टुडिओत प्रत्येक व्हिडिओखाली प्रेक्षक किती टिकले याचा आलेख असतो, आणि `0:30` ला किती टक्के उरले ते वेगळं दाखवतात. सुरुवातीला रेष सगळ्यांचीच उतरते, त्याला घाबरू नका. ती कुठे सपाट होते ते बघा. तुम्ही विषय सांगता त्याच क्षणी सपाट होत असेल, तर त्याआधीचा सगळा नमस्कार लोकांनी सोसलाय. पहिल्या पाच सेकंदांतच कड्यासारखी कोसळत असेल, तर बहुधा शीर्षक आणि चित्र एक सांगतं आणि भाग दुसरंच. त्यात नमस्काराचा दोष नाही. सुरुवातीनंतर एखाद्या जागी अचानक उंचवटा दिसला तर लोक तिथपर्यंत उडी मारून येतायत, म्हणजे खरी सुरुवात तिथे आहे.

तुलना स्वतःच्याच, साधारण सारख्या लांबीच्या भागांशी करा. आणि एका भागावरून ठरवू नका, चार-पाच भाग नवीन नमस्काराने करून मग आलेख शेजारी ठेवा.

१५. वाईट प्रसंगावरचा भाग असेल तर नमस्कार कसा करायचा?

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं, त्यानंतरच्या आठवड्यांत माझ्याकडे पुराबद्दलची अनेक रेकॉर्डिंग आली. त्यातल्या एकाला संपादकाने सवयीने नेहमीचं उड्या मारणारं संगीत आणि "नमस्कार मंडळी!" जोडलं होतं, आणि पाठोपाठ एक बाई घरातला चिखल काढत रडत होत्या. तो संपादक मीच होते. भाग बाहेर गेला, दोन तासांत उतरवला, पण ज्यांनी ऐकायचा त्यांनी ऐकला होता.

तेव्हापासून अशा भागाला संगीत नाही, "मंडळी" नाही, आणि "स्वागत" तर नाहीच, कारण अशा वेळी कोणाचं स्वागत करत नसतात. आधी दोन सेकंद शांतता. मग नेहमीपेक्षा सावकाश, खालच्या आवाजात नाव आणि ठिकाण, आणि पुढे काय ऐकू येणार आहे याची सूचना: "मी अमुक, चिपळूणहून. या भागात पुरात घर गेलेल्या माणसांचं बोलणं आहे. ऐकवत नसेल तर मध्येच थांबवा." "नमस्कार" म्हणायचा की नाही हे मी बोलणाऱ्यावर सोडते. गावात दुःखाच्या घरी गेल्यावर आपण दारातून हाक मारत नाही, चप्पल काढून गुपचूप आत जाऊन बसतो. काहींना माइकसमोरही तसंच करावंसं वाटतं, आणि ते बरोबर ऐकू येतं.